पायरी बघून पोझ

हट्ट्याजवळच्या एका जोडप्याचं लग्न डिसेंबरअखेरीला ठरलं होतं. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी वसमतकडची. साखरपुडा होऊन दीड महिना झालेला आणि दोघांची प्रत्यक्ष भेट तीनदाच. प्री-वेडिंगसाठी मित्रांनी लोणावळा सुचवला होता. मुलीला मात्र गावातली बारव हवी होती. तिच्या भावाने मला व्हॉट्सअॅपवर बारवेचे तीन फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "दादा, इथं कसं उभं करणार ते आधी सांगा, मग घरच्यांना विचारतो."

प्रश्न रास्त होता. घरच्यांना जागा माहीत असते, भीती असते ती पोझची. काही समाजांच्या बैठकांत तर प्री-वेडिंग नकोच असे ठराव झालेत. अशा वेळी "तिथं गेल्यावर बघू" हे उत्तर चालत नाही. फोटो पाहूनच कोण कुठे बसेल, कॅमेरा कुठे असेल आणि काय दिसेल हे सांगता आलं पाहिजे. ते सांगता येतं, फक्त जागेचा फोटो नीट वाचायला हवा. पोझ शोधायला आपण मोबाइलवर दुसऱ्यांची छायाचित्रं चाळतो. मी आधी पायऱ्या मोजतो.

भावाचे फोटो चांगले होते, पण व्हॉट्सअॅपवरून फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि कधी, कोणत्या लेन्सने काढला ही त्यातली माहिती निघून जाते. म्हणून मी त्याला तेच फोटो डॉक्युमेंट म्हणून पुन्हा पाठवायला सांगितले. तसं केलं की मूळ फाइल जशीच्या तशी येते. तिच्यात वेळ दिसली, सकाळी नऊ वाजून काही मिनिटं. आणि हेही कळलं की तीनपैकी दोन फोटो फोनच्या सर्वांत रुंद लेन्सने, म्हणजे ०.५ वर ठेवून काढले होते.

ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. रुंद लेन्स जवळचं मोठं आणि लांबचं फार लहान दाखवते, त्यामुळे जागा प्रत्यक्षाच्या दुप्पट ऐसपैस वाटते. फोटोत मैदान, जाऊन बघावं तर अंगण. माहिती पुसलेली असली तरी हे नुसत्या डोळ्यांना ओळखू येतं. फोटोच्या कडेचे खांब किंवा भिंती आत किंवा बाहेर झुकलेल्या दिसतात आणि कोपऱ्यात उभा माणूस असेल तर तो आडवा ताणल्यासारखा, जाड दिसतो. असा फोटो दिसला की अंतराचा अंदाज त्यावरून करायचा नाही. मी तिसरा, साध्या लेन्सचा फोटो धरला.

त्या तिसऱ्या फोटोत समोरच्या पायऱ्यांवर एक मुलगा बसला होता, बहुधा भावाचा मित्र. तोच माझा मापदंड झाला. ताठ बसलेल्या मोठ्या माणसाची बैठकीपासून डोक्यापर्यंतची उंची साधारण पावणेतीन ते तीन फूट असते. या मुलाच्या मागे, बैठकीपासून टाळूपर्यंत, पायऱ्यांच्या तीन कडा मोजता येत होत्या. म्हणजे एक पायरी फुटाच्या आसपास. घरातल्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते, ही जवळजवळ दुप्पट. जुन्या बारवांच्या पायऱ्या अशा उंच असतातच, आणि पुढची प्रत्येक पोझ या एका आकड्यावर ठरते.

मुलगा पाच फूट दहा इंच, मुलगी पाच फूट एक इंच. सपाट जमिनीवर शेजारी उभे केले की तिचं कपाळ त्याच्या खांद्याला लागतं. मग तो मान वाकवतो, ती टाचा उचलते आणि फोटोत दोघंही अवघडलेली दिसतात. फुटाची पायरी मिळाली की ती एक पायरी वर, तो खाली. नऊ इंचांचा फरक भरून निघून ती उलट तीन इंच उंच होते. आता मान वाकवावी लागली तर तिला, तीही जराशी. घरच्या जिन्यावर सहा इंचांनी हे इतकं नीट जमलं नसतं. बारव इथे स्वतःच स्टूल देते.

पण फूटभर पायरीचा तोटाही आहे. तिच्यावर चालताना गुडघा फार वर येतो. पायऱ्या उतरत येणारं जोडपं हा सगळ्यांचा आवडता प्रसंग, पण इथे नऊवारी किंवा घागरा नेसलेल्या मुलीला दर पायरीला खाली बघावं लागतं, हात कपडा सावरण्यात अडकतो आणि चेहऱ्यावर हसू नाही, धास्ती येते. म्हणून चालण्याचा प्रसंग मी यादीतून काढला. चालवायचंच असेल तर पायऱ्यांमधल्या सपाट टप्प्यावरून आडवं चालवावं, वरून खाली नाही. आणि त्याने तिला उचलून घेणं तर पायऱ्यांवर नकोच. बारवेत खाली पाणी असतं, कडेला कठडा नसतो.

आता उजेड. बारव म्हणजे वरून उघडा खड्डा, आणि खड्ड्यातला उजेड अंगणातल्या उजेडासारखा नसतो. तळाकडे जावं तसं चारी बाजूंचं आकाश भिंतींनी झाकलं जातं आणि उजेड फक्त डोक्यावरून येतो. त्या उजेडात कपाळ आणि नाक चमकतं, डोळ्यांच्या खोबण्यांत काळोख साठतो. पुष्कळ नवखे छायाचित्रकार तळाशी जोडपं उभं करून समोरून फोटो काढतात आणि मग संगणकावर डोळे उजळत बसतात. उपाय सोपा आहे. जोडप्याने वर बघायचं. कॅमेरा सहा-सात पायऱ्या वर न्यायचा आणि त्यांना त्याच्याकडे हनुवटी उचलायला लावायची. चेहरा आकाशाकडे वळला की खोबण्या भरतात, डोळ्यांत आकाशाचा एक उजळ ठिपका येतो. हा ठिपका दिसला की समजायचं, उजेड बरोबर आहे. पाणी जवळ असेल तर तेही खालून थोडा उजेड परत फेकतं, पण त्यावर भिस्त ठेवू नये. मांडीवर, चौकटीबाहेर धरलेलं धुतलेलं पांढरं धोतर जास्त भरवशाचं.

दुसरी अडचण उन्हाची. अर्ध्या पायऱ्या उन्हात, अर्ध्या सावलीत असं झालं की कॅमेऱ्याला दोन्ही एकदम पेलत नाहीत. ऊन बरोबर घेतलं तर सावलीतलं जोडपं काळं पडतं, जोडपं बरोबर घेतलं तर उन्हातला दगड पांढराफटक होतो. म्हणून चौकटीत येणारा सगळा भाग एकतर उन्हात हवा किंवा सावलीत. आणि माणसांच्या चेहऱ्यासाठी सावली बरी.

सावली कुठे असेल हे फोटोवरून काढता येतं. फोटो सकाळी नऊचा, म्हणजे त्या दिवसांत सूर्य आग्नेयेकडे आणि सावल्या वायव्येकडे. फोटोतल्या सावलीची दिशा पाहिली की बारवेची दक्षिण बाजू कोणती ते लगेच कळतं. खात्रीसाठी भावाला फोनमधलं होकायंत्र उघडून एका पायरीवर ठेवायला सांगितलं, जुळलं.

दक्षिण बाजूच का शोधायची, तर डिसेंबरात आपल्याकडे सूर्य दक्षिणेकडून जातो आणि फार वर चढत नाही. हट्टा साधारण १९ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर माध्यान्हीलाही इथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो. बारवेच्या दक्षिण बाजूच्या पायऱ्या उत्तरेकडे उतरतात, म्हणजे त्यांची पाठ सूर्याला असते. पायरी फूटभर उंच आणि तितकीच रुंद असेल तर त्यांचा उतार ४५ अंशांचा होतो. अशा उतारावर सव्वाबाराच्या सुमाराला किरण पायऱ्यांच्या कडांना चाटून जातो तेवढाच, बाकी दिवसभर तिथे सावली. थंडीतल्या लग्नांसाठी हा आयता स्टुडिओ आहे. मेच्या लग्नाला हे गणित सपशेल उलटतं. मेच्या मध्यात आपल्या भागात सूर्य माध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावली काठीच्या बुडाशीच संपते. तेव्हा बारवेत सावलीचा कोपरा उरत नाही, सकाळी आठच्या आत काम उरकून निघावं.

वेळ मी दुपारी तीनची ठरवली. तेव्हा सूर्य बरोबर नैर्ऋत्येला, ३२ अंशांच्या आसपास असतो आणि कुठल्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या दीडपटीहून थोडी जास्त पडते. समजा बारव वीस फूट खोल आहे. मग काठाची सावली तळावर तिरकी बत्तीस फुटांपर्यंत पोचते. दक्षिण आणि पश्चिम या दोन्ही बाजू सावलीत येतात, समोरच्या उत्तर-पूर्व पायऱ्यांवर ऊन राहतं आणि तिकडून थोडा उजेड सावलीतल्या चेहऱ्यांवर येतो. काळा दगड फार उजेड परतवत नाही, पण तेवढाही कामाचा. सूर्यास्त पावणेसहाच्या आसपास, पण खड्ड्यात बाहेरच्यापेक्षा आधी अंधारतं, म्हणजे हातात दोन तास.

जागा आणि वेळ ठरल्यावर मी फोटोवर बोटाने तीन खुणा केल्या आणि परत पाठवल्या.

पहिली खूण लांबच्या चौकटीची. कॅमेरा उत्तरेच्या काठावर, जोडपं समोर दक्षिणेच्या पायऱ्यांवर मध्यावर बसलेलं. उभ्या चौकटीत त्यांची उंची एकूण उंचीच्या सहाव्या हिश्शाएवढी, बाकी सगळ्या पायऱ्याच पायऱ्या. इतक्या लांबून चेहरे कळत नाहीत, कळते ती फक्त बाह्यरेषा. म्हणून इथे पोझ चेहऱ्याची नाही, आकाराची. दोघं खांद्याला खांदा लावून कॅमेऱ्याकडे बघत बसली तर लांबून एक गाठोडं दिसतं. त्याऐवजी ती एका पायरीवर आडवी, एका बाजूला तोंड करून बसेल, तो दोन पायऱ्या खाली, तिच्याकडे वळून. दोघांच्या मधून दगडाची बोटभर तरी फट दिसली पाहिजे. दोन माणसं आहेत हे त्या फटीमुळेच कळतं.

इथे कपड्याचाही प्रश्न येतो. पायऱ्या म्हणजे मुळात रेघांचं कापड. त्यावर चौकडीचा शर्ट किंवा बारीक बुट्ट्यांची साडी आली की माणूस त्या नक्षीत विरघळतो. एकरंगी कपडा हवा. मी हळदीचा पिवळा सुचवला. वसमतच्या हळदीच्या बाजाराशी त्याचं नातं आहेच, पण खरं कारण वेगळं. काळ्या दगडावर पिवळ्याइतका दुसरा रंग उठत नाही. मुलाला ऑफ-व्हाइट. गडद निळा किंवा मरून नको, तो दगडात बुडतो.

काळ्या दगडाने कॅमेराही फसतो. कॅमेऱ्याला जे दिसतं ते तो मधल्या राखाडीएवढं उजळ करायला जातो. चौकटीत बहुतेक काळा दगड असेल तर त्याला वाटतं उजेड कमी आहे, मग तो सगळंच उजळतो. दगड राखाडी होतो आणि पिवळी साडी, चेहरे फिके पडतात. कॅमेऱ्यावर एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली घ्यावं. फोनवर चेहऱ्यावर बोट ठेवून शेजारचं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढलं की तेच काम होतं. दगड पुन्हा काळा दिसला की थांबायचं.

दुसरी खूण मधल्या चौकटीची, उभ्या पोझची. ती एक पायरी वर, तो खाली, दोघांचं वजन मागच्या पायावर. त्याचा हात तिच्या कोपराखाली, तिचा हात त्याच्या खांद्यावर नुसता टेकलेला. बोटं सरळ पसरली तर पंजा चेहऱ्याएवढा मोठा दिसतो, म्हणून हाताची कड कॅमेऱ्याकडे. दंड अंगाला चिकटले की तेही जाड दिसतात, जरा सुटे ठेवावेत. दोघांची तीनदाच भेट झालेली, त्यामुळे कपाळाला कपाळ वगैरे पहिल्या अर्ध्या तासात सांगायचं नाही. सांगितलं तर दोघं तसं करतात, पण मान ताठ राहते आणि हसू फक्त ओठांवर राहतं. त्यापेक्षा हाताला काम द्यावं. "ताई, याच्या बाहीची घडी नीट करा." "दादा, पदर दगडाला अडकलाय, सोडवा." अशा कामात दोघं आपोआप जवळ येतात, घरच्यांनाही दाखवता येईल असा फोटो मिळतो आणि कुणाला काही शिकवावं लागत नाही.

या चौकटीचा शत्रू आहे पायरीची कड. मागच्या पायऱ्यांच्या आडव्या रेघा जोडप्याच्या आरपार जातात. त्यातली एक बरोबर मानेवर आली की गळा कापल्यासारखा दिसतो, डोळ्यांच्या रेषेत आली की डोक्यातून काठी गेल्यासारखी. सुदैवाने उपाय इंचांत आहे. कॅमेरा थोडा खाली किंवा वर केला की रेघ सरकते. ती खांद्याच्या खाली किंवा डोक्याच्या बरीच वर गेली की क्लिक. पडद्यावर चेहऱ्यांकडे सगळेच बघतात, मी मानेमागे बघतो.

अंतराचा हिशेब इथेच करून टाकू. उभं जोडपं चौकटीच्या एक तृतीयांश उंचीत बसवायचं तर चौकटीत अठरा फूट तरी मावले पाहिजेत. फोनच्या साध्या लेन्सने त्यासाठी बारा-तेरा फूट मागे जावं लागतं, ५०ची लेन्स फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर असेल तर पंचवीस, ८५ची असेल तर बेचाळीस फूट. बारव बागेसारखी नाही, हवं तितकं मागे जाता येत नाही, मागे पाणी किंवा भिंत. म्हणून ८५ची लेन्स फक्त समोरच्या काठावरून वापरायची, पायऱ्यांवर ३५ किंवा ५०. फोटो वाचताना समोरासमोरच्या पायऱ्यांमधलं अंतर याच कामासाठी मोजायचं, नाहीतर आयत्या वेळी लेन्स बॅगेतच राहते. आणि दक्षिणेकडे कॅमेरा रोखताना सूर्य चौकटीबाहेर उजवीकडे वर असतो. लेन्सवर हुड नसेल तर कुणाला तरी वर वही धरायला लावावी, नाहीतर सगळ्या फोटोवर दुधी पडदा येतो.

तिसरी खूण जवळच्या चौकटीची. ती वर सांगितलीच आहे, तळाजवळच्या पायऱ्यांवर दोघं शेजारी बसून वर बघतात आणि कॅमेरा त्यांच्या डोक्यावर सहा-सात पायऱ्या. वरून काढल्यामुळे पाय आखूड दिसतात, म्हणून चौकट कमरेवर कापायची. पाय घ्यायचेच तर तिने ते बाजूला, तिरके ठेवावेत. गुडघे थेट कॅमेऱ्याकडे आले की मांडी नाहीशी होते आणि नुसते गुडघे उरतात.

मुलीची एक हौस होती, दोघांनी पाण्यात पाय सोडून बसायचं. मी फोटो मोठा करून पाण्याजवळचे दगड बघितले. पाण्याच्या पातळीच्या वर वीतभर उंचीचा हिरवट पट्टा होता आणि त्याच्यावरचा दगड गडद, ओला. हिरवा पट्टा म्हणजे शेवाळ, आणि गडद पट्टा सांगतो की पाणी नुकतंच उतरलंय, म्हणजे आजची कोरडी दिसणारी पायरीही निसरडी असू शकते. तिथे बसून उठताना पाय घसरला तर धरायला काही नाही. नको म्हटलं. तिला वाईट वाटलं, पण भावाने दुसऱ्या दिवशी जाऊन त्या दगडावर हात फिरवला आणि ओल्या हिरव्या बोटांचा फोटो पाठवला. विषय संपला.

भावाला आणखी दोन कामं सांगितली. ग्रामपंचायतीत विचारून घ्यायचं आणि बारवेच्या कोनाड्यांत देव आहेत का ते बघायचं. बारव ही लोकांच्या लेखी निव्वळ विहीर नसते. अलीकडे महाराष्ट्र बारव मोहिमेने ठिकठिकाणच्या बारवा साफ करून महाशिवरात्रीला तिथे दिवे लावण्याचा रिवाज पाडलाय, त्यामुळे लोकांचं लक्षही वाढलंय. कोनाड्यात टेकून बसणं, मूर्तीच्या डोक्याच्या वरच्या पायरीवर बूट घालून उभं राहणं, हे फोटोत छान दिसेलही, गावात नाही. आम्ही अनवाणी गेलो. अनवाणी पाऊल दगडावर चांगलंही दिसतं आणि पकडही घेतं.

ठरल्या दिवशी तीनला सावली बहुतेक खुणेवरच होती, फक्त पश्चिम कोपऱ्यातल्या एका झाडाने दोन पायऱ्यांवर कवडसे टाकले होते. फोटोत झाडाचा शेंडाच आला नव्हता. आम्ही चार पायऱ्या खाली सरकलो. साडी मात्र पिवळी असली तरी बुट्ट्यांची निघाली, कारण ती मावशीने दिलेली आणि तिला नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. लांबच्या चौकटीत व्हायचं तेच झालं, बुट्टे आणि पायऱ्या एकमेकांत मिसळले. शेवटी मुलाच्या आईने स्वतःच्या अंगावरची पांढरी शाल काढून दिली. ती मुलीच्या खांद्यावरून मांडीपर्यंत आली, बुट्टे झाकले गेले. तो फोटो आता त्यांच्या दिवाणखान्यात आहे, आणि शाल कुणाची म्हणून मावशी अजून विचारते.